‘घोडेगाव’ या शब्दात अक्षरे किती?

‘घोडेगाव’ हा शब्द डोळ्यांनी वाचला तर त्यात चार अक्षरे दिसतात : घो, डे, गा, व. ऑनलाइन फॉर्मला मात्र बहुधा सात दिसतात, कारण संगणक घ, ड, ग आणि व ही चार अक्षरे वेगळी मोजतो आणि त्यांना लागलेले ओकार, एकार व काना वेगळे मोजतो. ‘शिष्यवृत्ती’मध्येही डोळ्यांना चारच अक्षरे दिसतात. पण जोडाक्षरातला पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा संगणक स्वतंत्र धरतो, म्हणून त्याच्या हिशेबात ती अकरा होतात. फॉर्मवर ‘कमाल 500 अक्षरे’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती 500 संगणकाची असतात. आपल्या वाचनातली अक्षरे त्यात निम्म्याच्या थोडी पुढेच जातात.

हा हिशेब सगळीकडे सारखा असता तर एकदाच शिकून भागले असते. काही ठिकाणी मात्र माहिती साठवणारी यंत्रणा अक्षरांऐवजी जागा मोजते. इंग्रजी अक्षराला एक घर लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. Ghodegaon लिहिले तर नऊ घरे, ‘घोडेगाव’ लिहिले तर एकवीस. अशा फॉर्ममध्ये 500 ची मर्यादा मराठीत 166 चिन्हांवरच संपते. मग इंग्रजीत भरलेला फॉर्म जातो आणि तोच मजकूर मराठीत भरला की अडतो. त्याला भाषा चालत नाही असे नाही, जागा पुरत नाही एवढेच.

म्हणून आम्ही एक सोपी परीक्षा सुचवतो. मजकुराच्या रिकाम्या चौकटीत फक्त ‘घोडेगाव’ लिहा आणि बाजूचा मोजणीचा आकडा पाहा. मर्यादा अक्षरांची असेल आणि आकडा 7 ने बदलला तर चिन्हे मोजली जात आहेत. 4 ने बदलला तर डोळ्यांना दिसणारी अक्षरे, आणि 21 ने बदलला तर घरे. मर्यादा शब्दांची असेल तर आकडा 1 ने बदलायला हवा. इंग्रजीसाठी बनवलेले काही मोजणीयंत्र देवनागरीला शब्दच समजत नाही, तेथे 0 दिसतो. काही यंत्रे काना-मात्रेपाशी शब्द तोडतात, मग एका ‘घोडेगाव’चे घ, ड, ग, व असे चार शब्द होतात. आकडा 1 पेक्षा वेगळा आला की चौकटीत लांब मजकूर बसवण्याच्या नादी लागू नये. मुख्य मागणी दोन-तीन वाक्यांत लिहावी आणि सोय असेल तर सविस्तर अर्ज पीडीएफ करून जोडावा.

दुसरी अडचण पेस्ट करताना येते. घोडेगावात कांद्याच्या किंवा जनावरांच्या बाजाराला आलेला माणूस हायवेलगतच्या सेवा केंद्रात अर्ज टाइप करून घेतो, तो व्हॉट्सअॅपवर मागवतो, आणि घरी मुलगी तो फॉर्ममध्ये पेस्ट करते. चौकट भरली की पुढचा मजकूर अनेकदा काही न सांगता कापला जातो. लाल अक्षरे नाहीत, सूचना नाही. आपल्या अर्जात खरी मागणी शेवटी असते आणि नेमकी तीच जाते. म्हणून पेस्ट केल्यावर सुरुवात न वाचता शेवटचे वाक्य आधी वाचावे. ते अर्धवट असेल तर मजकूर कापला गेला आहे. पेस्ट होताच मराठीऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसला, तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्यास सांगावे.

एंटरचाही हिशेब असतो. समजा मर्यादा 500 आहे, चौकटीखाली 496 दिसते, तरी ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून फॉर्म परत येतो. मजकुरात सहा वेळा एंटर दाबलेले असेल तर कारण बहुधा तेच. पडद्यावर एक एंटर एक धरला जातो, पण फॉर्म पाठवताना प्रत्येक एंटरची दोन चिन्हे होतात. 496 मध्ये सहा वाढले की 502. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी असा एंटर चिकटून येतो. ते सगळे काढून मजकूर एकाच परिच्छेदात करावा आणि मुद्द्यांना आकडे द्यावेत.

आता हे सारे एका खऱ्या मर्यादेला लावून पाहू. माहिती अधिकाराच्या राज्य नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातील अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. केंद्राच्या 2012 च्या नियमांत ही मर्यादा 500 शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, असेही तेथे म्हटले आहे. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरची चौकट मात्र 3000 चिन्हांची आहे. मराठीत त्यात साधारण 400 शब्द मावतात, म्हणजे नियमाने दिलेले 500 शब्द चौकटीत बसतीलच असे नाही. उरलेले पीडीएफने जोडावे लागतात.

150 शब्द कमी वाटतात, पण जातात कोठे ते पाहा. मुलीची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि अब्बा अर्ज लिहितात : ‘महोदय, आपणांस सविनय कळविण्यात येते की माझ्या मुलीने सन 2024 - 25 या शैक्षणिक वर्षामध्ये शिष्यवृत्ती मिळण्याकरिता ऑनलाइन पद्धतीने अर्ज सादर केलेला होता, परंतु आजपर्यंत तिला शिष्यवृत्तीची रक्कम मिळालेली नाही.’ हे 30 शब्द झाले, आणि माहिती अजून मागितलेलीच नाही. शब्द मोजणारे यंत्र सहसा मोकळी जागा पाहते. म्हणून ‘2024 - 25’ चे तीन शब्द होतात आणि ‘2024-25’ चा एकच.

आता हाच अर्ज असा लिहा : ‘सन 2024-25 मधील शिष्यवृत्ती अर्ज क्रमांक ____ बाबत पुढील माहिती द्यावी. 1) अर्ज कोणत्या तारखेस कोणत्या अधिकाऱ्याकडे पाठवला गेला? 2) त्यावरील सर्व शेऱ्यांच्या प्रती. 3) रक्कम वितरणाच्या आदेशाची प्रत.’ मुद्द्यांचे आकडे धरून हे 29 शब्द होतात. पहिल्या मसुद्याच्या नुसत्या प्रस्तावनेपेक्षा एक कमीच, आणि यात संपूर्ण अर्ज आला. शिवाय ‘रक्कम का मिळाली नाही’ असे विचारण्यापेक्षा तारीख, शेरे आणि आदेशाची प्रत मागितलेली बरी. कार्यालयाला दफ्तरात असलेली माहिती द्यावी लागते, खुलासा लिहून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

मागणी पहिल्याच वाक्यात असल्याने शेपूट कापले गेले तरी अर्जाचा विषय आणि क्रमांक शाबूत राहतो. तरीही ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी संपूर्ण मजकूर मोबाइलच्या नोट्समध्ये जपून ठेवावा. पोर्टल नोंदणी क्रमांक देते तेव्हा जमा झालेला अर्ज उघडून शेवटचा मुद्दा, म्हणजे येथे क्रमांक 3, तेथे आहे की नाही ते पाहावे. उत्तराची 30 दिवसांची मुदत अर्ज पोहोचल्यापासून मोजली जाते. तिसरा मुद्दा गळाला असेल तर ते पहिल्याच दिवशी कळलेले बरे, महिन्यानंतर अपुरे उत्तर हाती आल्यावर नव्हे.