जाहिरातींचं तण आणि आपली बारीक लाईन

संगमेश्वर तालुक्यात इंटरनेट पोहोचलं, असं कागदोपत्री म्हणता येतं. पण देवरूख शहर सोडून मारळकडे किंवा साखरप्याच्या बाजूला गेलं, की ते कसं पोहोचलं आहे ते कळतं. कुठे खळ्याच्या एका कोपऱ्यातच रेंज, तर कुठे पाऊस सुरू झाला आणि वीज गेली की टॉवरही मुका. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांकडे रोजच्या ठरलेल्या डेटाचा प्लॅन असतो. पोरांनी दुपारपर्यंत तो संपवला की लाईन बंद पडत नाही, पण तिचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेमकं तेव्हाच बागायतदाराला वाशीचा भाव बघायचा असतो, नाहीतर मोहोरावर तुडतुडे दिसले म्हणून उद्या फवारणी करावी की पावसाचा अंदाज आहे, हे बघायचं असतं. पान काही उघडत नाही. मग अंदाजपंचे फवारणी होते, रात्री पाऊस येतो, आणि औषधाचे व मजुरीचे पैसे वाहून जातात.

ह्या खोळंब्यात टॉवरचा दोष आहेच. पण आपण उघडतो त्या पानाचा दोषही थोडाथोडका नाही. टॉवर आपल्या हातात नाही, पान हलकं करणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. तेवढ्यापुरतंच आज बोलू.

आधी हिशेब मांडू. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट माल फोनमध्ये उतरतो. आता समजा, भावाची बातमी देणारं एक पान एकूण २५०० किलोबाइटचं आहे. त्यात मजकूर, भावाचा तक्ता आणि पानाची मांडणी मिळून ३०० किलोबाइट, फोटो ५०० किलोबाइट आणि उरलेले १७०० किलोबाइट जाहिराती व त्यांच्याबरोबर येणारे पाळतीचे प्रोग्रॅम. सगळं उतरायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागेल. जाहिराती आणि पाळत वगळली तर एक मिनिट चाळीस सेकंद. फोटोही वगळले तर चाळीस सेकंदांच्या आत काम झालं. प्रत्येक पानाचे आकडे वेगळे असतात, पण जाहिरातींनी लगडलेल्या पानांचं प्रमाण साधारण असंच निघतं.

पाळत म्हणजे काय, तर आपण कोणतं पान किती वेळ वाचलं, पुढे कुठे गेलो, ह्याची नोंद ठेवणारे छोटे प्रोग्रॅम. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण डेटा मात्र खातात. आणि ते एकटे येत नाहीत. जाहिरातीचा एक प्रोग्रॅम आला की तो आणखी चार कंपन्यांना बोलावतो, त्या आणखी कुणाला. प्रत्येक नव्या कंपनीच्या यंत्राशी जोडणी करायला आपल्या फोनला तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात, त्याही माल उतरायला लागण्याआधी. कमजोर रेंजमध्ये ह्या फेऱ्याच फार वेळ खातात. म्हणून पहिल्यालाच दारात अडवला तर त्याच्या मागची रांगही येत नाही. तण लहान असतानाच काढावं म्हणतात, तसंच हे.

अडवायचं कसं? पूर्वी कुणाचा टेलिफोन नंबर माहीत नसला तर आपण १९७ ला विचारायचो. इंटरनेटवरही तशी चौकशीची खिडकी असते, तिला डीएनएस म्हणतात. फोनला पानाचं नाव माहीत असतं, पण जोडायला नंबर लागतो, तो ही खिडकी देते. एरवी ही खिडकी आपल्या मोबाईल कंपनीची असते आणि जो विचारेल त्याला नंबर देते. गाळणी लावलेल्या डीएनएसकडे मात्र जाहिरात आणि पाळत करणाऱ्या यंत्रांच्या नावांची यादी असते. त्यातलं नाव विचारलं की ती खरा नंबर देतच नाही. नंबर नाही तर जोडणी नाही, आणि जोडणी नाही तर डेटाही खर्च नाही.

अँड्रॉइड ९ म्हणजे २०१८ सालापासूनच्या फोनमध्ये ही सोय आतच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. Settings मध्ये जा, Network & internet उघडा, त्यात Private DNS सापडेल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते Connections किंवा More connection settings ह्यांच्या पोटात असतं. नाही सापडलं तर Settings च्या शोधपट्टीत DNS एवढंच टाका. तिथे Private DNS provider hostname निवडून खालचं नाव जसंच्या तसं टाका आणि Save करा.

```
dns.adguard-dns.com
```

ही अ‍ॅडगार्ड नावाच्या कंपनीची फुकट सेवा आहे. नावात एकही जागा सोडायची नाही, पुढे https लावायचं नाही. मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हींना ती एकदमच लागू होते.

फरक पडला की नाही हे पाहताना एक काळजी घ्या. एकदा उघडलेलं पान दुसऱ्यांदा उघडलं तर ते तसंही लवकर येतं, कारण त्यातला बराच माल फोनमध्ये साठलेला असतो. तेव्हा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ते Incognito टॅबमध्ये उघडा आणि मधे असे सगळे टॅब बंद करा. घड्याळ लावून पाहिलंत तर उत्तम. काहीच फरक दिसला नाही तर क्रोमच्या Settings मध्ये Privacy and security खाली Use secure DNS बघा. तिथे दुसरीच सेवा निवडलेली असली तर क्रोम तुमच्या गाळणीला वळसा घालून जातो.

आता ह्या गाळणीतून काय गळत नाही तेही सांगितलं पाहिजे. यूट्यूबची किंवा फेसबुकची जाहिरात ह्याने जात नाही. ती आणि आपल्याला हवा असलेला मजकूर एकाच घरून येतात, आणि खिडकीवाला घराचं नाव अडवू शकतो, घरातली एक खोली नाही. पानाचे स्वतःचे मोठे फोटोही तसेच येतात. आणि सातबाऱ्याचं किंवा महाडीबीटीचं पान अर्जाच्या शेवटच्या दिवसांत फिरत राहतं, ते जाहिरातींमुळे नव्हे. गर्दी तिकडच्या यंत्रावर असते, तिथे ही युक्ती चालायची नाही.

बिघाडाचे प्रकार ओळखून ठेवावेत. सर्वात मोठा प्रकार हा की सगळंच इंटरनेट बंद पडतं, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, किंवा ती सेवा त्या वेळी आपल्या लाईनवरून गाठता आली नाही, तर फोन दुसरी खिडकी शोधत नाही, थांबून राहतो. अशा वेळी बऱ्याच फोनवर Private DNS server cannot be accessed असा संदेश येतो. रेंजच्या दांड्या दिसताहेत पण काहीच उघडत नाही, अशी स्थिती आली की प्रथम Private DNS मध्ये जाऊन Automatic करा. लगेच सुरू झालं तर दोष गाळणीचा, नाही झालं तर दोष टॉवरचा. एसटी स्टँड, लॉज अशा ठिकाणी नंबर टाकून मिळणारं वायफायही कधी ह्यामुळे जोडलं जात नाही. तिथेही तात्पुरतं Automatic करायचं.

दुसरा प्रकार गूगलवर शोधताना दिसतो. सर्वात वरच्या, Sponsored लिहिलेल्या दुव्यावर बोट ठेवलं की This site can’t be reached येतं. हा दुवा जाहिरातीच्या यंत्रामार्गे जातो म्हणून अडतो. खाली सरकून साधा दुवा उघडावा. खरं म्हणजे हे आपल्या फायद्याचंच आहे. पीएम किसानच्या नावाने माणसं शोधतात आणि वरच्या वर दिसेल ते उघडून तिथे आधार नंबर टाकतात. पैसे भरून वर आलेला दुवा सरकारी असेलच असं नाही. पण गाळणी लावली म्हणजे फसवणूक टळली असंही समजू नये. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का, हे बघण्याचं काम आपलंच.

ज्यांना ह्याहून बारीक गाळणी हवी त्यांनी फोनमध्ये फायरफॉक्स ब्राउझर घ्यावा आणि त्याच्या मेनूतल्या Extensions मधून uBlock Origin जोडावं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशी जोडणी होत नाही. हे काम चांगल्या वायफायवर करा, कारण ब्राउझर उतरवायला बराच डेटा लागतो. uBlock Origin पानाच्या आत बसून काम करतं, म्हणून एकाच घरातली नको ती खोलीही ते बंद करू शकतं. त्याच्या सेटिंगमध्ये Block media elements larger than असा पर्याय आहे. तिथे ५० किलोबाइट ठेवलं तर त्यापेक्षा मोठे फोटो आपोआप उतरत नाहीत, हवा तो बोट ठेवून मागवता येतो. वरच्या हिशेबातले ५०० किलोबाइट वाचतात ते इथे. मात्र हा पर्याय फायरफॉक्सपुरताच. बाकीच्या अ‍ॅपमधली जाहिरात डीएनएसच अडवणार.

दोन गोष्टी नीट विचारात घ्याव्यात. एक, चौकशीची खिडकी बदलली म्हणजे आपण कोणकोणत्या साईटची नावं विचारतो हे आता मोबाईल कंपनीऐवजी सायप्रसमधल्या त्या कंपनीला कळतं. पानावर काय वाचलं किंवा कोणता पासवर्ड टाकला हे त्यातून कळत नाही, पण नावं कळतात. कुणावर तरी विश्वास टाकावा लागतोच, तो जाणूनबुजून टाकावा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं अनोळखी डीएनएसचं नाव तर कधीच टाकू नये, कारण खोटी खिडकी खोट्या घराचा नंबर देऊ शकते.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्रात लिहिताना टाळता येण्यासारखी नाही. वर्तमानपत्रं बऱ्याच अंशी जाहिरातींवर चालतात, आणि भावाची बातमी गोळा करणाऱ्या बातमीदाराचा पगारही त्यातूनच निघतो. प्रायव्हेट डीएनएसमध्ये एखाद्या साईटला सूट देता येत नाही. uBlock Origin मध्ये मात्र त्याचं मोठं पॉवरचं बटण दाबलं की त्या साईटपुरती गाळणी उठते. ज्या पत्राची बातमी आपल्या उपयोगी पडते, त्याला डेटा शिल्लक असताना ही सूट द्यावी. पण वाचकाच्या डेटातला मोठा हिस्सा न विचारता खर्च करणारी पानं बनवणाऱ्यांनीही समजून घ्यावं, की डोंगराकडच्या वाडीतल्या वाचकापाशी पान पाच मिनिटांनी पोहोचत असेल, तर तो तोवर थांबत नाही. मग जाहिरातही कुणी बघत नाही आणि बातमीही.

आमची सूचना एवढीच, की आंब्याला मोहोर येण्याआधी, घाई नसताना, हे बदल करून आठवडाभर वापरून बघावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला, हवामान खात्याचं पान आणि भावाची बातमी, ही आपल्या रोजच्या कामाची पानं एकेकदा उघडून पाहावीत. एखादं अडलं तर Automatic कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावं. पंप नादुरुस्त आहे हे फवारणीच्या सकाळी कळू नये, तसंच ह्याचंही.