थकबाकी नसताना तगादा कशाला?

रीडिंगच्या आसपास एम-४ महामार्गाच्या कडेने मोठमोठ्या आयटी कंपन्यांची ऑफिसं आहेत. त्यांना सॉफ्टवेअरची चाचणी, सपोर्ट, डेटाची साफसफाई अशी कामं करून देणाऱ्या तीन-चार माणसांच्या कंपन्याही इथे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काही आपल्या मराठी मंडळींच्या आहेत. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, अशीच एक चाचणीची कंपनी चालवते. तिच्यासकट माणसं चार. उत्पन्नाचा मोठा भाग एकाच मोठ्या ग्राहकाकडून येतो. त्या ग्राहकाला तिने लिहिलेल्या ईमेलविषयी हा लेख आहे, कारण छोटा धंदा करणारे आपले लोक इथे काय किंवा पुण्यात काय, नेमके याच पत्रात अडखळतात असं माझं मत आहे.

आधी हिशोब सांगतो. ताईचं महिन्याचं बिल २०,००० पाउंड, त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे २४,०००. करारातली अट अशी: 'बिलाच्या महिनाअखेरपासून ६० दिवस.' वाचताना ६० दिवस वाटतात. पण एप्रिलमध्ये केलेल्या कामाचं बिल १ मे रोजी गेलं, की मे संपेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. ३१ मेपासून ६० दिवस म्हणजे ३० जुलै. म्हणजे बिलापासून ९० दिवस, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला केलेल्या कामापासून चार महिने! एप्रिलचा पगार मात्र एप्रिलअखेर द्यावा लागतो आणि त्यावरचा कर २२ मेपर्यंत सरकारजमा करावा लागतो. जुलैच्या शेवटी मे, जून, जुलै अशी तीन बिलं एकाच वेळी अडकलेली असतात. व्हॅट सोडूनसुद्धा ते ६०,००० पाउंड झाले. (व्हॅटचं दुखणं वेगळंच. बिल १ जूनचं असेल तर त्याचा व्हॅट ७ ऑगस्टला भरायचा आणि पैसे येणार २९ ऑगस्टला. तिच्या अकाउंटंटने तिला कॅश अकाउंटिंग योजनेत घातलं, तेव्हा तेवढा प्रश्न सुटला. १३.५ लाख पाउंडांपर्यंत उलाढाल असेल तर ही योजना घेता येते.)

आता तिचा पहिला मसुदा. मूळ इंग्रजीतला, मराठीत साधारण असा: "तुमची ६० दिवसांची अट आम्हाला मान्य नाही. यापुढे सर्व बिलं ३० दिवसांत चुकती करावीत. अन्यथा १९९८ च्या उशिरा देयक कायद्याप्रमाणे व्याज आकारू आणि काम थांबवू." पत्ता होता अकाउंट्सच्या सामायिक मेलबॉक्सचा. तो पाठवायच्या आधी तिने मला वाचायला दिला.

भाषा कडक होती, पण खरा घोटाळा भाषेत नव्हता. ग्राहक एकदाही उशीर करत नव्हता. ठरल्याप्रमाणे ९० व्या दिवशी पैसे येत होते. थकबाकी नसताना हे पत्र थकबाकी वसूल करायला निघालं होतं. तो कायदा खरा आहे, त्यातलं व्याजही खरं आहे: बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ८ टक्के जास्त. पण ते व्याज ठरलेली तारीख उलटल्यावर लागतं. मुदतच लांब ठरवली असेल, तर कंपन्या-कंपन्यांमध्ये ती ६० दिवसांपेक्षा जास्तही चालते, फक्त पुरवठादारावर घोर अन्याय होता कामा नये. हा अन्याय 'घोर' आहे हे कोर्टात सिद्ध करत बसायचं, तेही ज्याच्यावर पगार अवलंबून आहेत त्या ग्राहकाविरुद्ध? आणि काम थांबवलं असतं तर करार मोडल्याचा ठपका उलट ताईवरच आला असता.

दुसरी गोष्ट पत्त्याची. अकाउंट्समधल्या माणसाच्या स्क्रीनवर पुरवठादाराच्या नावापुढे मुदतीचा एक कप्पा असतो. सिस्टीम त्यावरून तारीख काढते आणि त्या तारखेला पैसे जातात. तो कप्पा बदलायचा अधिकार त्या माणसाला नसतोच. अधिकार असतो खरेदी विभागातल्या, ताईच्या कामाचा करार सांभाळणाऱ्या मॅनेजरला, आणि तोही फायनान्सची संमती घेऊनच बदलू शकतो. म्हणजे त्या मॅनेजरला आपल्या वरिष्ठांकडे जाऊन ताईची बाजू मांडावी लागणार. धमकीचं पत्र घेऊन कोण जाईल? त्याला पुढे पाठवता येईल असा कागद हातात द्यायला हवा. सहकार्याची भाषा म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच: समोरचा माणूस आपलं पत्र जसंच्या तसं वरती पाठवू शकला पाहिजे.

मग आम्ही माहिती काढली. इथल्या मोठ्या कंपन्यांना २०१७ पासून दर सहा महिन्यांनी पुरवठादारांना पैसे कधी देतो याचा अहवाल सरकारी संकेतस्थळावर टाकावा लागतो. सरासरी किती दिवस, किती बिलं ३० दिवसांत, किती ६० च्या पुढे, सगळं तिथे फुकट वाचता येतं. ताईच्या ग्राहकाची सरासरी होती ४१ दिवस. हिला ९० आणि सरासरी ४१, याचा अर्थ कुणाला तरी बरेच लवकर मिळतात. म्हणजे कमी मुदतीची सोय त्यांच्या सिस्टीममध्ये आधीच आहे. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या स्मॉल बिझनेस कमिशनरने फेअर पेमेंट कोड सुरू केला. त्यात रौप्य दर्जा हवा असेल तर ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या पुरवठादारांची ९५ टक्के बिलं ३० दिवसांत द्यावी लागतात. तो दर्जा कधी हवासा वाटला, तर ताईसारख्यांची बिलं त्या कंपनीच्याही कामाची होती.

नवं पत्र कराराच्या नूतनीकरणाच्या दोन महिने आधी, त्या मॅनेजरच्या नावाने गेलं. विषय: 'नवीन करारासाठी बिलांच्या मुदतीबद्दल एक प्रस्ताव.' मजकूर थोडक्यात असा:

"गेली तीन वर्षं तुमची बिलं कधीही उशिरा आली नाहीत, त्याबद्दल आभार. नव्या करारात एक बदल सुचवते आहे. सध्याच्या अटीप्रमाणे आमचं बिल ९० दिवसांपर्यंत उघडं राहतं, तर तुमच्या प्रसिद्ध अहवालातली सरासरी ४१ दिवस आहे. आम्ही चौघेच असल्यामुळे यात आमचे सुमारे ६०,००० पाउंड अडकतात आणि तुमच्या टीमने मागितलेला पाचवा टेस्टर घेणं आम्हाला जमत नाही. मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस करता आली, तर ऑक्टोबरपासून तो माणूस देता येईल. आमच्या बाजूने आम्ही चार टीमची चार बिलं पाठवण्याऐवजी एकच बिल देऊ, त्यावर पर्चेस ऑर्डरचा नंबर आणि सोबत तुमच्या टीमने आधीच मंजूर केलेले तास असतील. हे बसत नसेल तर निदान 'महिनाअखेरपासून' हे शब्द काढता येतील का? यातलं तुमच्याकडे काय शक्य आहे, यावर वीस मिनिटं बोलूया."

ताईला पहिलं वाक्य खटकलं होतं. "वेळेवर देतात त्याचे आभार कसले?" पण ते मी आग्रहाने ठेवायला लावलं. त्या एका वाक्याने हे वसुलीचं पत्र नाही हे लगेच कळतं. शेवटची विनंतीही महत्त्वाची. 'महिनाअखेरपासून' हे शब्द गेले की मोठ्या कंपनीचं ६० दिवसांचं धोरण तसंच राहतं, मॅनेजरला कुणापुढे वाद घालावा लागत नाही, आणि १ तारखेला बिल पाठवणाऱ्याचे जवळजवळ ३० दिवस वाचतात.

सूट द्यायची की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. लवकर पैशांसाठी २ टक्के सूट द्या, असं सर्रास सांगितलं जातं. गणित करा. मुदत ९० वरून ३० वर आली तर वाचले ६० दिवस. वर्षात असे साधारण सहा तुकडे, म्हणजे २ टक्क्यांची सूट म्हणजे वर्षाला १२ टक्के व्याजाने पैसे उचलणं. ताईचा ओव्हरड्राफ्ट ९ टक्क्यांचा आहे. १ टक्का सूट म्हणजे वर्षाला ६ टक्के, बिलामागे २०० पाउंड, ते परवडतं. म्हणून पत्रात सुटीचा उल्लेखच करायचा नाही आणि बोलताना गरज पडली तर १ टक्क्याच्या वर जायचं नाही, असं ठरलं. कागदावर आधीच लिहिलेली सूट समोरचा घेतो आणि तिथून बोलणी सुरू करतो.

फोनवर मॅनेजरने ३० दिवसांना नाही म्हटलं. बिलाच्या तारखेपासून ४५ दिवस मिळाले, वर्षभरासाठी, सूट न देता. ९० चे ४५ झाले म्हणजे सुमारे ३०,००० पाउंड मोकळे. पाचवा माणूस आला, पण अर्धवेळ.

यावर कुणी म्हणेल, ही लाचारीच झाली. मला तसं वाटत नाही, पण या पद्धतीची मर्यादा आहे. तुमच्याऐवजी दुसरा पुरवठादार उद्या सहज मिळत असेल, तर कितीही छान पत्राने मुदत हलत नाही. ताईच्या माणसांना त्यांचं सॉफ्टवेअर तीन वर्षांचं माहीत होतं, म्हणून फोन झाला. आणि ठरलेला ४५ वा दिवस उलटला तर पत्र निराळं: अकाउंट्सला, तारखेसकट, कायद्यातल्या व्याजासकट, आणि १०,००० पाउंडांच्या किंवा त्यावरच्या बिलावर मिळणाऱ्या १०० पाउंडांच्या ठरावीक भरपाईसकट. त्या पत्रात आभार नकोत.

भोसरीत माझ्या चुलतभावाचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याने हे ऐकून विचारलं, "मीही असंच लिहू का?" त्याची बाजू ताईपेक्षा भक्कम आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आपल्याकडे २००६ च्या कायद्यात कमाल मुदतच आहे: लेखी करार असेल तरी ४५ दिवस, नसेल तर १५. करारात ९० लिहून घेतले तरी ते चालत नाहीत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण व्याजाची नोटीस पाठवून ग्राहक टिकवलेला वर्कशॉपवाला मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या कामाची आहे ती प्राप्तिकरातली तरतूद. २०२३ च्या वित्त कायद्याने ती आली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. मार्च उलटला की वर्षभर थांबा. म्हणजे इथे लवकर पैसे देण्यात खरेदीदाराचाच फायदा आहे, आणि सहकार्याच्या पत्राला असाच मुद्दा लागतो. ही तरतूद मध्यम उद्योगांना आणि नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. भाऊ स्वतः माल बनवतो आणि त्याची नोंदणी 'सूक्ष्म' म्हणून आहे, त्यामुळे तो त्यात बसतो.

त्याला मी एवढंच सुचवलं: प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छाप, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खरेदी आणि फायनान्स दोघांनाही उघड्या बिलांची तारीखवार यादी पाठव. वर एकच ओळ: "वर्षअखेरीच्या तुमच्या ताळेबंदासाठी आमच्याकडची ही यादी, काही तफावत दिसली तर कळवा." तो म्हणाला, "यात पैसे कुठे मागितले?" मी म्हटलं, यादीत चौथा रकाना ठेव, ४५ वा दिवस कधी भरतो त्याचा.