सर्वेक्षणात आधार क्रमांक कशाला? संमती देण्याआधी हे तपासा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती व सूचनेच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. तोपर्यंत गावागावांत बियाणे, कीड, सिंचन आणि कर्जाविषयी अनेक सर्वेक्षणे होतील. आज भरलेला फॉर्म पुढेही वापरात राहतो, म्हणून कायद्याची कसोटी आतापासूनच लावलेली बरी.

कायदा काय सांगतो?

संमती मोकळेपणाने आणि ठरावीक उद्देशासाठी दिलेली असावी. त्या उद्देशाला जेवढी माहिती आवश्यक, तेवढ्यापुरतीच ती धरली जाते. त्यामुळे फॉर्मखाली सही असली तरी अनावश्यक माहिती घेण्याची मुभा मिळत नाही. ‘माहिती इतर कामांसाठीही वापरण्यास माझी संमती आहे’ हे वाक्यही पुरेसे नाही, कारण त्यात ‘इतर कामे’ कोणती हे कळत नाही. कागदावर भरलेली माहिती नंतर संगणकात घेतली, तर तिलाही हा कायदा लागू होतो.

एक उदाहरण पाहू

समजा, एक संस्था कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे सर्वेक्षण करते. गावनिहाय प्रादुर्भाव समजून घेऊन पुढील हंगामात सल्ला देणे हा तिचा उद्देश आहे. फॉर्ममध्ये मात्र बँक खाते आणि कर्जाची थकबाकीही विचारली आहे. आता एकेक रकाना उद्देशाशी ताडून पाहा.

- लागवडीची तारीख, वाण, फवारण्या, फरदड ठेवली का: हे हवेच. प्रादुर्भाव का वाढला हे यावरूनच कळते.
- गाव आणि कपाशीचे क्षेत्र: हवे. गट क्रमांक मात्र त्याच शेतात पुन्हा पाहणीसाठी यायचे असेल तरच लागतो.
- नाव आणि मोबाइल: सल्ला पाठवायचा किंवा माहितीची फेरतपासणी करायची असेल तरच. तसे नसेल तर नावाशिवायही काम होते.
- आधार, बँक खाते, थकबाकी: बोंडअळीशी यांचा संबंध नाही. हे रकाने रिकामे ठेवा.

हीच यादी पुढे निविष्ठा विक्रेत्याकडे किंवा कर्ज देणाऱ्याकडे गेली, तर उद्देश बदलला. तुम्ही कधी न सांगितलेल्या ठिकाणाहून फोन येतो आणि समोरच्याला तुमचे क्षेत्र, पीक व कीडही माहीत असते, ही त्याची खूण. अशा वेळी ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ हे आधी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

ओटीपीबाबतही सावध राहा. तो सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचा. संदेशात सर्वेक्षणाऐवजी कर्ज, सिमकार्ड किंवा आधार पडताळणीचा उल्लेख असेल तर ओटीपी देऊ नका.

सर्वेक्षण करणाऱ्यांनी काय सांगावे?

विस्तार कर्मचाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाआधी साध्या मराठीत एवढे वाचून दाखवावे:

“आम्ही अमुक संस्थेकडून आलो आहोत. बोंडअळीचा सल्ला देण्यासाठी तुमचे गाव, कपाशीची माहिती आणि मोबाइल नंबर घेत आहोत. ही माहिती अमुक जणांकडेच राहील आणि हंगाम संपल्यावर नंबर काढून टाकू. नको असेल तर आताच नाही म्हणा. त्यामुळे तुमचा कोणताही लाभ थांबणार नाही. नंतर विचार बदलला तर या क्रमांकावर कळवा.”

या सूचनेची प्रत शेतकऱ्याकडे द्यावी. संमती जेवढ्या सहज दिली, तेवढ्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असे कायदा सांगतो. मागे घेण्याआधी झालेला वापर त्यामुळे बेकायदा ठरत नाही. मात्र पुढचा वापर थांबवावा लागतो. उत्तर देणारा १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते.

कुठे वेगळा नियम आहे?

अनुदान किंवा योजनेचा लाभ देण्यासाठी शासनाला ठरावीक परिस्थितीत दर वेळी नवी संमती घ्यावी लागत नाही. तरीही नियमांनुसार माहिती त्या कामापुरतीच घ्यायची असते. संशोधन व सांख्यिकी कामालाही ठरावीक निकष पाळल्यास सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट शेतकऱ्याबाबत निर्णय घ्यायचा नाही, ही अट आहे. म्हणून ‘संशोधनासाठी’ घेतलेल्या थकबाकीच्या माहितीवरून कोणाचे कर्ज नाकारले, तर ती सवलत लागू राहत नाही.

तरतुदी लागू झाल्यावर तक्रार आधी संबंधित संस्थेकडे करावी लागेल आणि तेथे दाद न लागल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल. त्या वेळी पुरावा म्हणून तुमच्याकडे फॉर्मचा फोटो असला पाहिजे. म्हणून सही करण्याआधी पूर्ण फॉर्मचा आणि सूचनेचा फोटो काढा, त्यावर तारीख टाका आणि जपून ठेवा.