सुटीच्या तोंडावरचा आहार

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मुख्याध्यापकांची यंदा आलेली पत्रं वाचली, तर शाळेतल्या आहाराच्या चवीपेक्षा वेळेची तक्रार जास्त आहे. आसपासच्या खेड्यांत शाळेतच चूल पेटते, पण शहरी शाळांना केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात. दोन सत्रांच्या शाळेत टेम्पो एकदाच येतो, बाराच्या सुमारास. सकाळच्या सत्राची मुलं दप्तर पाठीला लावून जेवतात आणि घरी जातात; दुपारची मुलं जेवून वर्गात बसतात. तांदूळ तोच, दर तोच, पण सकाळच्या पोरांचे गणित आणि भाषेचे तास तोवर रिकाम्या पोटी उरकलेले असतात.

चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश फेब्रुवारी २०२४मध्ये निघाला. त्यामुळे जागा अपुरी असलेल्या इमारतींत पहाटेची पाळी आली ती पाचवीपासून पुढच्या मुलांवर. त्यांच्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनांचा निकष आहे. आहार सुटताना वाढला तरी मुलं शाळेत येतात, म्हणून हजेरीपटावर सगळं ठीक दिसतं. फरक पडतो तो लक्षात. दिल्लीच्या शाळांत फरझाना आफ्रिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च प्राथमिकच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, तेव्हा शाळेत जेवण सुरू झाल्यावर मुलांचं वर्गातलं लक्ष सुधारलेलं दिसलं. पोट भरल्यानंतर तासच उरला नसेल, तर ते लक्ष लागणार कुठे? देशपातळीवरच्या दुसऱ्या अभ्यासात पाच वर्षांपर्यंत आहार मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले. गणितात ९ टक्क्यांनी.

अधिकाऱ्यांना मात्र हिशेब हवा तो ताटांचा आणि शिल्लक तांदळाचा. टेम्पोच्या दुसऱ्या फेरीचं नाव काढलं की पुरवठादार दराकडे बोट दाखवतो. मे २०२५पासून उच्च प्राथमिकला प्रति विद्यार्थी १०.१७ रुपये मिळतात, त्यात डाळ, भाजी, तेल, इंधन सगळं बसवायचं असतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच फेरीचा खर्च करारातच धरायला हवा, आणि डबा किती वाजता पोचायचा हे सत्रवार लिहायला हवं. हे काम पुरवठादार निवडणाऱ्या स्थानिक संस्थेचं आहे. ती शाळांना ‘जुळवून घ्या’ सांगून हात झटकते, हे चालणार नाही.

आणि मुख्याध्यापकहो, तुमच्यातलेही कित्येक जण चव रजिस्टरवर महिन्याच्या सह्या एका बैठकीत करतात. ते बंद करा. उद्यापासून त्याच रजिस्टरात डबा पोचल्याची आणि वाढल्याची वेळ लिहा, टेम्पोचालकाची सही घ्या. महिनाअखेरीला त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, एक आमच्याकडे. तिन्ही शहरांच्या वेळा आम्ही शेजारी-शेजारी छापू.