जोर खांद्यात नव्हे, कंबर आणि खांद्याच्या फरकात

वाशिम, रिसोड, कारंजाच्या मैदानांवर टेनिस बॉलचे सामने रंगतात, तेव्हा सीमारेषेबाहेरून हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘खांद्यातून मार!’ उंचावरून मारलेल्या ड्राइव्हसाठी हा सल्ला उलटा आहे.

इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये लांब फटके मारणाऱ्या फलंदाजांच्या हालचाली मोजल्या. बॅट खाली येऊ लागते त्या क्षणी कंबर आणि खांदे यांच्या दिशांत असलेला कोन हा बॅटच्या वेगाशी सर्वाधिक निगडित घटक ठरला. गोल्फमध्ये या कोनाला ‘एक्स-फॅक्टर’ म्हणतात.

ताण साठतो कसा?

समजा, उजव्या हाताच्या फलंदाजाने बॅट मागे नेताना खांदे ४५ अंश वळवले आणि कंबर २० अंश. फरक २५ अंशांचा. आता पुढचा पाय टेकतो आणि कंबर १० अंश पुढे फिरते, पण खांदे अजून मागेच आहेत. फरक ३५ अंशांवर जातो. उजव्या बरगड्यांपासून डाव्या कमरेपर्यंत पोटावर तिरपे जाणारे स्नायू या क्षणी ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला, तर जास्त जोर देतो. गोफणीसारखे खांदे, मग हात, शेवटी बॅट ओढली जाते. बॅट वर नेऊन फलंदाज तसाच थांबून राहिला, तर या ताणाचा फायदा घटतो.

चूक ओळखायची कशी?

मोबाइलवर समोरून स्लो-मोशन चित्रण करावे. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे मिळतात; बॅट खाली येण्याच्या काळात त्यातली मोजकीच हाती लागतात. पुढचा पाय टेकतो तिथे चित्र थांबवून पट्ट्याचे बक्कल आणि छाती पाहावी. बक्कल गोलंदाजाकडे वळू लागले आणि छाती अजून बाजूला असेल, तर क्रम बरोबर आहे. दोन्ही एकदम वळली, तर ताण साठलाच नाही. छाती आधी उघडली, तर बॅट आडवी येते आणि चेंडू सरळ न जाता लेगकडे ओढला जातो.

मर्यादाही आहे

कोन वाढवायचा म्हणून मुलांना पाठ पिळायला लावणे धोक्याचे. पाठीच्या खालच्या मणक्यांत प्रत्येक जोडीला फिरायला जेमतेम एक-दोन अंश वाव असतो. वळण छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यातून यायला हवे. शिवाय वेगवान गोलंदाजाचा चेंडू जमिनीलगत सरळ परतवताना एवढ्या कोनाची गरजच नसते. तिथे वेग चेंडूतच असतो. टेनिसचा चेंडू मात्र हलका आणि संथ, त्याला वेग बॅटनेच द्यावा लागतो.

म्हणून गावच्या प्रशिक्षकाने मुलाच्या हाती जड बॅट देण्याआधी त्याचा क्रम तपासावा. जड बॅट खेचायला मूल खांदेच आधी फिरवते आणि तीच सवय अंगी मुरते.