छंद सांगताना

छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत दहावीनंतर प्रवेश मिळतो. लेखी परीक्षेनंतर तिथं मुलाखत असते. "छंद कोणता?" हा प्रश्न अशा वेळी येतोच.

माजरीतला माझा एक जुना विद्यार्थी सरावाला आला नि म्हणाला, "मालगाड्या बघतो."

"बघून काय करतोस?"

"कोळशाचे डबे मोजून वहीत लिहितो, मॅडम. एकदा मोजणी चुकली. तेव्हापासून बहीणही मोजते. आकडे जुळले तरच लिहितो."

'मी काटेकोर आहे' असं तो म्हणालाच नाही, तरी कळलं ना! उलट नुसतं 'वाचन' म्हटलं, की लगेच विचारतात, "शेवटचं पुस्तक कोणतं?" तिथं अडखळलात, तर छंद खोटा वाटतो. म्हणून खरा छंद सांगा, आणि त्यात काय केलंत तेही सांगा.