'निष्कर्ष' या एका शब्दामुळे आपले संशोधन कसे खोडले जाते?

मराठीतल्या अनेक प्रबंधांत 'निष्कर्ष' नावाचे एक प्रकरण असते. त्यात एक वाक्य असते, "पाहणीतील इतक्या कुटुंबांना भाड्याने घर नाकारले गेले." आणि लगेच पुढचे वाक्य असते, "यावरून घरमालकांच्या मनातील जातिद्वेष सिद्ध होतो." पहिले वाक्य मोजणीतून आलेले आहे. दुसरे वाक्य त्या मोजणीचा संशोधकाने लावलेला अर्थ आहे. दोन्ही एकाच 'निष्कर्ष' या शब्दाखाली बसवली, की वाचणाऱ्याला दोहोंतला फरक कळत नाही आणि विरोधकाचे काम सोपे होते. तो दुसऱ्या वाक्यावर शंका घेतो आणि त्याच झटक्यात पहिलेही कचऱ्यात टाकतो.

अनुभवाधारित संशोधनाच्या पेपरचे चार भाग जगभर रूढ आहेत: प्रस्तावना, पद्धती, निकाल आणि चर्चा. आपले अनेक तरुण याकडे विद्यापीठाने लादलेला साचा म्हणून पाहतात. माझे मत वेगळे आहे. जातीचा प्रश्न हाताळणाऱ्यासाठी हे चार भाग म्हणजे चार वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की नुकसान आपलेच होते.

हे एका खऱ्या पेपरवरून समजून घेऊ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा नोकरीतील भेदभावावरचा अभ्यास ऑक्टोबर २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. त्या वर्षांत खासगी क्षेत्रातील आरक्षणावर वाद पेटला होता. उद्योगपतींचा दावा असा, की आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. दलित उमेदवार कमी दिसतात ते शिक्षण कमी पडते म्हणून.

प्रस्तावनेचे काम इथे सुरू होते. प्रस्तावना म्हणजे जातिव्यवस्थेचा मनुस्मृतीपासूनचा इतिहास नव्हे. आधी कोणी काय म्हटले आहे, त्यात कोणती जागा रिकामी आहे आणि मी नेमका कोणता प्रश्न विचारणार आहे, एवढेच तिने सांगायचे. इथे रिकामी जागा अशी होती: नोकऱ्यांतले दलितांचे प्रमाण कमी आहे हे आकडे होते, पण 'शिक्षणच कमी' हे उत्तर त्या आकड्यांनी खोडता येत नव्हते. म्हणून प्रश्न ठरला, की शिक्षण आणि अनुभव सारखाच ठेवून फक्त नाव बदलले, तर मालकाचा प्रतिसाद बदलतो का?

प्रस्तावना कशी असावी याचा धडा आपल्या घरातच आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय निसटले ते दाखवले आणि मगच आपला मुद्दा मांडला. तो निबंध पाहणीवर आधारलेला नाही, पण आधीच्यांशी झुंज कशी द्यायची ते त्यात दिसते. प्रस्तावनेतच निवाडा देऊन टाकला, तर पुढचे पान उलटायचे कारणच उरत नाही.

दुसरा भाग पद्धती. माझ्या मते आपल्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच आपल्याकडे चार ओळींत उरकला जातो. 'प्रश्नावली व मुलाखत पद्धतीचा अवलंब केला' एवढे लिहून भागत नाही. आपल्यावर अजिबात विश्वास नसलेल्या माणसालाही तोच अभ्यास पुन्हा करून पाहता यावा, इतके त्यात असले पाहिजे.

थोरात–अ‍ॅटवेल यांनी ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती घेतल्या. एकूण ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. एकाच जाहिरातीला सारख्या पात्रतेचे अर्ज गेले. एकावर सवर्ण हिंदू वाटेल असे नाव, एकावर दलित वाटेल असे, एकावर मुस्लीम. पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे इंटरव्ह्यू किंवा लेखी परीक्षेसाठी, कंपनीने संपर्क साधला तर तो अनुकूल प्रतिसाद धरला.

यातला प्रत्येक तपशील विरोधकाच्या एकेका प्रश्नाला उत्तर देतो. जाहिराती कुठून निवडल्या? कशाला प्रतिसाद म्हटले? पात्रता खरोखर सारखी होती का? ही उत्तरे अभ्यास करण्याआधी ठरलेली असावी लागतात. निकाल पाहून नंतर 'प्रतिसाद' या शब्दाची व्याख्या बदलली, तर आकडा आपल्याला हवा तसा वळवता येतो. हे कसे ओळखायचे? पद्धतीत सांगितलेली संख्या निकालाच्या तक्त्यांत जुळते का ते पाहा. पद्धतीत २०० कुटुंबे आणि तक्त्यात कुठे १८७, कुठे १६२, आणि उरलेल्यांचे काय झाले यावर एक शब्द नाही, तर तिथे काहीतरी दडले आहे.

तिसरा भाग निकाल. इथे फक्त काय आढळले ते लिहायचे. 'कारण', 'म्हणून', 'यावरून सिद्ध होते' हे शब्द या भागात दिसले, की समजावे चर्चा आत घुसली. थोरात–अ‍ॅटवेल यांचा मुख्य निकाल असा: सारख्या पात्रतेच्या सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला अनुकूल प्रतिसाद मिळण्याचे ऑड्स ०.६७ पट, आणि मुस्लीम नावाला ०.३३ पट.

आता इथेच आपल्या भाषणांत एक चूक होते. 'सवर्णांना शंभर कॉल आले तर दलितांना सदुसष्टच' असे सांगितले जाते. ऑड्स म्हणजे मिळालेल्यांची संख्या भागिले न मिळालेल्यांची. समजा, सवर्ण नावाच्या १०० अर्जांपैकी १० ना बोलावणे आले. ऑड्स झाले १० भागिले ९०, म्हणजे ०.१११. त्याचे ०.६७ पट म्हणजे ०.०७४. हे पुन्हा शेकड्यात आणले तर दलित नावाच्या १०० अर्जांपैकी साधारण ७ ना बोलावणे. दहाच्या जागी सात, म्हणजे भाषणातला हिशेब जवळपास जमला. पण समजा सवर्ण नावाच्या १०० पैकी ५० ना बोलावणे आले असते, तर ऑड्स १, त्याचे ०.६७ पट ०.६७, आणि शेकड्यात ते होतात ४०. पन्नासच्या जागी चाळीस. आकडा तोच ०.६७, पण एकदा तीस टक्के घट आणि एकदा वीस टक्के. म्हणून निकालात गुणोत्तराबरोबर मूळ संख्याही द्यायच्या: किती अर्ज, किती बोलावणी. नाहीतर चुकीचे वाचन होते आणि ते उघडे पडले की बदनाम अभ्यास होतो.

निकालाची खरी परीक्षा मात्र नको असलेला आकडा आल्यावर होते. २००९ साली अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली आणि आसपासच्या सॉफ्टवेअर व कॉल सेंटरमधल्या ३७१ नोकऱ्यांसाठी ३१६० अर्ज. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीनुसार भेदभाव आढळला नाही. कॉल सेंटरमध्ये सवर्ण आणि ओबीसी नावांत फरक आढळला, आणि त्याहून कमी प्रमाणात अनुसूचित जातींच्या नावांतही. मुस्लीम नावांच्या बाबतीत भेदभाव आढळला नाही.

काहीजण हा अभ्यास दाखवून म्हणतात, बघा, जात संपली. आपल्यातले काहीजण उलट त्याचे नावच घेत नाहीत. दोन्ही वागणी चुकीची आहेत. असा निकाल लपवायचा नसतो, तो चर्चेत समोर ठेवायचा असतो.

चर्चेचे काम हेच: आपल्या निकालाचा अर्थ किती ताणता येतो आणि कुठे थांबायचे ते सांगणे. या दोन अभ्यासांची पद्धत शेजारी ठेवली की फरक दिसतो. एकात इंग्रजी वृत्तपत्रांतल्या नाना प्रकारच्या खासगी नोकऱ्या, दुसऱ्यात एका महानगरातले दोन उद्योग. सॉफ्टवेअरमध्ये कामाचे कौशल्य कागदावर बरेचसे दिसते. कॉल सेंटरमध्ये बोलणे-वागणे मोजले जाते आणि तिथे मालक नावावरून अंदाज बांधू शकतो. हा एक संभाव्य अर्थ आहे, आणि 'संभाव्य' हा शब्द चर्चेत लिहावाच लागतो. शिवाय 'फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' असे होत नाही. अर्ज कमी असतील तर मध्यम फरकही निसटू शकतो.

तसेच आपल्या बाजूच्या अभ्यासाचेही. थोरात–अ‍ॅटवेल यांनी पहिला दरवाजा तपासला. आत इंटरव्ह्यूत काय होते, पगार किती ठरतो, ओळखीपाळखीने भरल्या जाणाऱ्या नोकऱ्यांत काय चालते, हे या पद्धतीत येत नाही. मालकाच्या मनात द्वेष होता की सवयीने हात दुसऱ्या अर्जाकडे गेला, हेही येत नाही. 'का' या प्रश्नासाठी वेगळी पद्धत लागते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच लोक उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' किती महत्त्वाची मानतात ते पुढे आले. एका अभ्यासाने फरक मोजला, दुसऱ्याने तो कोणत्या भाषेत झाकला जातो ते दाखवले. दोन्हींची कामे वेगळी ठेवली म्हणून दोन्ही टिकतात.

काही कार्यकर्ते म्हणतील, मर्यादा लिहिणे म्हणजे विरोधकाच्या हातात काठी देणे. माझे म्हणणे उलट आहे. मर्यादा आपण लिहिली नाही तर ती विरोधक लिहितो, आणि तो ती पूर्ण अभ्यासाला लावतो. 'हा अभ्यास फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतो' असे आपणच म्हटले, की पहिल्या टप्प्याबद्दलचे विधान खोडायला त्याला स्वतः अर्ज पाठवून पाहावे लागतील. बाबासाहेबांनीही त्या १९१६ च्या निबंधाच्या शेवटी आपली मांडणी चुकीची ठरली तर ती सोडायची तयारी दाखवली होती. त्यामुळे ती मांडणी दुबळी झाली नाही.

म्हणून वस्तीची पाहणी असो वा पीएच.डी., 'निष्कर्ष' हे मथळे काढून टाका. त्या जागी 'निकाल' आणि 'चर्चा' असे दोन वेगळे मथळे द्या. मग निकालातले प्रत्येक वाक्य उचलून विचारा, हे पद्धतीत सांगितलेल्या कोणत्या मोजणीतून आले? उत्तर नसेल तर ते वाक्य चर्चेत न्या. चर्चेतले प्रत्येक वाक्य उचलून विचारा, हे कोणत्या निकालावर उभे आहे? तिथेही उत्तर नसेल, तर ते वाक्य सभेत बोलायला ठेवा, पेपरातून काढा.